पगारातून कापलेला कर तुमच्या नावावर आला का? फॉर्म १६ आणि 26AS कसे जुळवायचे

दरवर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे फॉर्म १६ येऊ लागतात. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते आणि खाली एकच ओळ असते, "ताई, रिटर्न भरून टाका ना." मी उलटा प्रश्न विचारते, "मार्चची पगार स्लिप आहे का?" यावर समोरचा हमखास गोंधळतो. कंपनीने दिलेलं करकपातीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ आहे, आपल्या नावावर जमा झालेल्या कराची सरकारी नोंद, म्हणजे 26AS संकेतस्थळावर आहे, मग स्लिप कशाला?

सगळं घोडं तिथेच अडतं. फॉर्म १६ आणि 26AS ही दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेली कागदपत्रं आहेत, ती जुळली म्हणजे सगळं ठीक, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींचं पाणी एकाच विहिरीतलं आहे. कंपनी दर तिमाहीला पगारावरच्या कराचं विवरणपत्र भरते, त्याचं नाव 24Q. ते आयकर खात्याच्या ट्रेसेस या प्रणालीत जातं. तुमचं 26AS त्यातूनच तयार होतं, आणि फॉर्म १६ चा 'भाग अ'सुद्धा कंपनी तिथूनच उतरवून घेते. कंपनीने 24Q मध्ये चूक केली, तर ती दोन्ही कागदांत तशीच उतरते. दोन्ही अगदी छान जुळतात, आणि दोन्ही चुकीचे असतात.

म्हणून ताळा तीन ठिकाणी घ्यावा लागतो. पगार स्लिप सांगते तुमच्या खिशातून किती गेलं. फॉर्म १६ चा 'भाग ब' सांगतो वर्षभराचा पगार किती आणि त्यावर कर किती बसला. 'भाग अ' आणि 26AS सांगतात सरकारदरबारी तुमच्या नावावर किती पोचलं. हे तीन आकडे एकमेकांशी बोलले पाहिजेत.

आधी कागद गोळा करा

आकडे मी आर्थिक वर्ष २०२४-२५ चे घेते. त्या वर्षासाठी करनिर्धारण वर्ष २०२५-२६ निवडायचं असतं. इथे वर्ष चुकवून "माझं 26AS रिकामंच आहे" म्हणून फोन करणारे दरवर्षी दोघे-तिघे तरी असतात.

`incometax.gov.in` वर लॉगिन केल्यावर `e-File` > `Income Tax Returns` > `View Form 26AS` असं जायचं. तिथून ट्रेसेसचं पान उघडतं. अट मान्य असल्याची खूण करून पुढे गेलं की `View Tax Credit (Form 26AS)` दिसतं. वर्ष निवडायचं, `HTML` मध्ये बघायचं आणि पीडीएफ उतरवून ठेवायची. ती उतरवल्याची तारीखही लिहून ठेवा, कारण हा कागद हलता आहे. आज जे दिसतं ते पंधरा दिवसांनी बदललेलं असू शकतं.

कधी बघायचं, हेही महत्त्वाचं. जानेवारी ते मार्च या चौथ्या तिमाहीचं 24Q भरायची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ द्यायची १५ जून. मे महिन्यात 26AS उघडलं तर चौथी तिमाही कोरी दिसणं साहजिक आहे, त्यात कंपनीची काही चूक नाही. पहिल्या तिमाहीची मुदत ३१ जुलै, दुसरीची ३१ ऑक्टोबर, तिसरीची ३१ जानेवारी. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत नोंदी दिसायला हव्यात. जूनमध्येही तिसरी तिमाही दिसत नसेल, तर तो उशीर नाही, ती चूक आहे.

फॉर्म १६ हातात आला की आधी तो खरंच ट्रेसेसवरून काढलेला आहे का ते बघा. 'भाग अ'वर प्रमाणपत्र क्रमांक असतो, टॅन, म्हणजे कर कापणारी म्हणून कंपनीला मिळालेला क्रमांक, आणि तुमचा पॅन असतो, आणि तिमाहीनिहाय तक्त्यात प्रत्येक 24Q चा पावती क्रमांक असतो. लहान कंपन्यांत अजूनही कोणी तरी एक्सेलमध्ये फॉर्म १६ बनवून सही-शिक्का मारून देतं. दिसायला तो हुबेहूब असतो. पावती क्रमांकाच्या रकान्यात काहीच नसेल, तर तो कागद आपल्या ताळ्यासाठी निरुपयोगी आहे.

भाच्याचा ताळा

माझा भाचा पिंपरीतल्या एका लहान कारखान्यात नोकरीला आहे. कारखान्याचं नाव इथे नको. महिना पगार १,१५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १३,८०,०००. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र पगार उरतो १३,०५,०००. त्यावर कर १,०१,००० आणि चार टक्के उपकर ४,०४०, एकूण १,०५,०४०. (त्याने विचारलं होतं, व्यवसाय कराचे अडीच हजार कुठे गेले? नव्या प्रणालीत त्यांची वजावट मिळत नाही.) कंपनीने अकरा महिने ८,७५३ कापले आणि मार्चमध्ये ८,७५७.

पगार स्लिपांवरून मी तिमाहीच्या बेरजा काढल्या, शेजारी 'भाग अ' आणि 26AS मांडलं:

| तिमाही | पगार स्लिपा | भाग अ | 26AS |
|---|---|---|---|
| एप्रिल–जून | २६,२५९ | २६,२५९ | २६,२५९ |
| जुलै–सप्टेंबर | २६,२५९ | २६,२५९ | २६,२५९ |
| ऑक्टोबर–डिसेंबर | २६,२५९ | – | – |
| जानेवारी–मार्च | २६,२६३ | २६,२६३ | २६,२६३ |
| एकूण | १,०५,०४० | ७८,७८१ | ७८,७८१ |

शेवटचे दोन रकाने बघा. फॉर्म १६ आणि 26AS तंतोतंत जुळतात. फक्त हे दोनच कागद शेजारी ठेवले असते, तर मीही "बरोबर आहे" म्हणून पुढे गेले असते.

स्लिपा नसतील तरी एक खूण फॉर्म १६ च्या पोटातच सापडते. 'भाग अ'मध्ये कराशेजारी 'दिलेली किंवा जमा केलेली रक्कम' असा रकाना असतो. भाच्याच्या फॉर्ममध्ये त्याची बेरीज होती १०,३५,०००. 'भाग ब'मध्ये मात्र एकूण पगार १३,८०,००० आणि देय कर १,०५,०४०. एकाच प्रमाणपत्राचे दोन भाग आपसात ३,४५,००० रुपयांनी भांडत होते, आणि ३,४५,००० म्हणजे बरोब्बर तीन महिन्यांचा पगार. या दोन बेरजा ताडून बघायला अर्धा मिनिटही लागत नाही. सवलतीच्या वस्तू किंवा भत्ते यांच्यामुळे थोडा फरक पडू शकतो, पण एखाद्या महिन्याच्या किंवा तिमाहीच्या पगाराइतका फरक दिसला की समजायचं, काहीतरी गळलं आहे.

काय गळलं, ते कसं ओळखायचं

नुसतं "टीडीएस कमी दिसतोय" असं कंपनीला कळवलं, तर "आम्ही भरलाय" एवढंच उत्तर येतं. म्हणून आधी आपणच रोगाचं निदान करायचं. त्याला दोन गोष्टी पुरतात: नेमका कुठला रकाना रिकामा आहे, आणि बाजूच्या टेबलवरच्या सहकाऱ्याचं काय दिसतंय.

पगार आणि कर, दोन्ही गायब असतील, तर तुमची ओळच त्या तिमाहीच्या विवरणपत्रात तुमच्या पॅनखाली नाही. मग सहकाऱ्याला त्याचं 26AS उघडायला सांगायचं. त्याचीही तिमाही कोरी असेल, तर कंपनीने 24Q भरलेलंच नाही. त्याची व्यवस्थित असेल आणि फक्त तुमची नसेल, तर बहुधा तुमचा पॅन चुकला आहे.

पगार दिसतो पण कर स्लिपपेक्षा कमी आहे, असं असेल तर 24Q मध्ये तुमच्या ओळीत कराची रक्कमच कमी टाकली गेली आहे. ही टंकनाची चूक असते, किंवा कंपनीकडे तेव्हा पैसे नव्हते आणि तिने सगळ्यांच्या नावावर थोडा थोडा कमी दाखवला. दुसरी शक्यता बोलून दाखवायची नसते, मनात मात्र ठेवायची.

तिसरा प्रकार फसवा आहे. पगारही दिसतो, करही दिसतो, पण नोंदीच्या स्थितीच्या रकान्यात `F` ऐवजी `U` असतं. `F` म्हणजे अंतिम, जमा धरलं. `U` म्हणजे कंपनीने विवरणपत्रात जे चलन, म्हणजे बँकेत कर भरल्याची पावती, लिहिलं, ते बँकेकडून आलेल्या नोंदीशी जुळत नाही. एक तर पैसे भरले नाहीत, नाही तर चलनाचा क्रमांक, तारीख किंवा बँकेच्या शाखेचा बीएसआर कोड चुकला. आकडा डोळ्यांसमोर असला तरी `U` असेपर्यंत त्याचं श्रेय मिळत नाही, म्हणून नुसती बेरीज करू नका. प्रत्येक ओळीचं अक्षर वाचा.

सरकारी नोकरांना, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना वगैरे, कधी कधी `P` दिसतं. त्यांचा कर चलनाने बँकेत जात नाही, तो कोषागारात खातेनोंदीने वळता होतो आणि त्याची पडताळणी व्हायची असते. तिथे कारखान्यासारखं "चलन दाखवा" म्हणून उपयोग नाही. आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे चौकशी करावी लागते, आणि पुष्कळदा गाडं पुढे कोषागाराच्या विवरणपत्रापाशी अडलेलं असतं.

भाच्याच्या बाबतीत पगार आणि कर दोन्ही गायब होते, आणि त्याच्या मित्राची तिसरी तिमाही ठणठणीत होती. म्हणजे पॅन. त्याला म्हटलं, ऑक्टोबरची स्लिप काढ आणि वरचा पॅन एकेक अक्षर वाच. चार आकड्यांपैकी शेवटचे दोन उलटे छापलेले होते. कंपनीने ऑक्टोबरमध्ये पगाराचं सॉफ्टवेअर बदललं होतं, तेव्हा कुणाच्या तरी हातून ते झालं. फेब्रुवारीत कुणी तरी ती चूक सुधारलीही, म्हणून चौथी तिमाही बरोबर आली. पण तोवर भरून गेलेलं तिसऱ्या तिमाहीचं 24Q तसंच राहिलं.

कंपनीला काय लिहायचं

फोन नको, ईमेल करा. पुढे रिटर्नवर वाद झाला तर हाच ईमेल पुरावा ठरतो. भाच्याने लिहिलेला मजकूर साधारण असा होता:

"आर्थिक वर्ष २०२४-२५, तिसरी तिमाही. माझ्या ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२४ च्या पगारातून एकूण २६,२५९ रुपये कर कापला आहे, स्लिपा जोडत आहे. माझ्या 26AS मध्ये आणि आपण दिलेल्या फॉर्म १६ च्या भाग अ मध्ये ही तिमाही नाही. ऑक्टोबरच्या स्लिपवर माझा पॅन चुकीचा छापला आहे, पॅन कार्डाची प्रत जोडली आहे. कृपया तिसऱ्या तिमाहीच्या 24Q चं दुरुस्ती विवरणपत्र भरून त्याचा पावती क्रमांक कळवावा आणि सुधारित फॉर्म १६ द्यावा."

यात 'दुरुस्ती विवरणपत्र' हे शब्द हवेतच. ते नसतील तर लेखा विभाग तुम्हाला पुन्हा तोच जुना फॉर्म १६ पाठवून मोकळा होतो. आणि पावती क्रमांक मागा. "करून टाकलंय" आणि पावती क्रमांक यांच्यात बरंच अंतर असतं.

कंपनी चालढकल करत असेल तर एक गोष्ट कामाला येते. पॅन अस्तित्वातच नसेल, तर खातं असं धरतं की कर किमान २० टक्क्यांनी कापायला हवा होता. ३,४५,००० वर २० टक्के म्हणजे ६९,०००. कापले २६,२५९. उरलेल्या ४२,७४१ ची मागणी कर्मचाऱ्यावर निघत नाही, ती कंपनीवर निघते, वर व्याज. भाच्याच्या लेखापालांना मी एवढंच सुचवलं, की ट्रेसेसवर तुमच्या टॅनखाली तिसऱ्या तिमाहीची थकबाकी आहे का बघा. होतीच. तिची सूचना कंपनीच्या अशा ईमेल पत्त्यावर पडून होती जो कुणी उघडत नव्हतं. त्यानंतर दुरुस्ती विवरणपत्र चार दिवसांत गेलं.

पॅन चुकून दुसऱ्याच कुणाचा खरा पॅन लागला असेल, तर अशी मागणी निघत नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तुमचा कर एखाद्या अनोळखी माणसाच्या 26AS मध्ये जाऊन बसतो. त्याने तो आपल्या रिटर्नमध्ये घेण्याआधी दुरुस्ती झालेली बरी, त्यामुळे इथे घाई करा.

दुरुस्ती येईपर्यंत रिटर्नचं काय

संकेतस्थळावरचं आधीच भरलेलं रिटर्न इथे माणसाला गोत्यात आणतं. त्यातला पगार येतो वर्षाअखेरच्या विवरणपत्रातून, म्हणजे पूर्ण १३,८०,०००. कराचं श्रेय मात्र येतं 26AS मधून, म्हणजे ७८,७८१. दोन्ही आकडे सरकारच्याच घरचे, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. खाली 'देय कर' दिसतो आणि माणूस निमूटपणे भरतो. एकदा पगारातून गेलेला कर तो दुसऱ्यांदा भरत असतो. असं करू नका.

मुदत शिल्लक असेल तर थांबा. २०२५ मध्ये मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली होती, त्यामुळे भाच्याला निवांत थांबता आलं.

मुदत संपत आली असेल, तर रिटर्नमधल्या पगारावरच्या टीडीएसच्या तक्त्यात प्रत्यक्ष कापलेली पूर्ण रक्कम लिहा आणि वेळेत रिटर्न भरा. याचा परिणाम काय होईल तेही आधीच माहीत असू द्या. कलम १४३(१) खालची सूचना येईल, तिच्यात 26AS एवढंच श्रेय दिलेलं असेल, आणि उरलेल्या रकमेची व्याजासह मागणी असेल. घाबरून पैसे भरायचे नाहीत. `Pending Actions` > `Response to Outstanding Demand` मध्ये जाऊन मागणी मान्य नसल्याचं कळवायचं, कारण लिहायचं आणि स्लिपा जोडायच्या. 26AS सुधारलं की `Services` > `Rectification` मध्ये `Reprocess the return` निवडलं, की रिटर्न नव्या नोंदींसह पुन्हा तपासलं जातं.

कंपनीने कर कापून सरकारला भरलाच नसेल, किंवा कंपनीच बंद पडली असेल, तर गोष्ट अवघड होते. पण कायदा तुमच्या बाजूने आहे. आयकर कायदा १९६१ च्या कलम २०५ प्रमाणे, जो कर तुमच्या पगारातून कापला गेला तो तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ च्या एका निकालात हेच नोकरदाराच्या बाजूने सांगितलं, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०१५ मध्ये अधिकाऱ्यांना अशी मागणी बळजबरीने वसूल करू नका, अशी सूचना दिली. तरी संगणकाला हे कळत नाही. मागणी खात्यावर दिसत राहते, पुढच्या वर्षीचा परतावा तिच्यात वळता होण्याचा धोका असतो, आणि आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन जावं लागतं. त्या वेळी तुमच्याकडे लागतात पगार स्लिपा आणि बँकेचं विवरण, ज्यात स्लिपेवरचा निव्वळ पगारच जमा झाल्याचं दिसतं. नोकरी सोडली की कंपनीचं लॉगिन बंद होतं, आणि स्लिपा त्याच्यामागे अडकून राहतात. म्हणून त्या दर महिन्याला स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या.

उलटीकडचा ताळा

आतापर्यंत पगार स्लिपांत आहे पण 26AS मध्ये नाही, असं शोधलं. शेवटी 26AS वरून खाली बोट फिरवत या आणि फॉर्म १६ मध्ये नसलेल्या ओळी शोधा. पगारावरच्या करासमोर कलम `192` लिहिलेलं असतं. `194A` दिसलं तर ते व्याजावरचं असतं. वर्षात नोकरी बदलली असेल, तर दोन वेगवेगळे टॅन दिसतात, आणि दोन्ही ठिकाणचे फॉर्म १६ घ्यावे लागतात.

भाच्याच्या 26AS मध्ये एका बँकेची ओळ होती: व्याज ४२,०००, कर ४,२००. आईने त्याच्या नावावर ठेवलेल्या मुदत ठेवीचं ते व्याज, त्याला आठवतही नव्हतं. फॉर्म १६ पुढे ठेवून रिटर्न भरलं असतं, तर ४,२०० चं श्रेय बुडालं असतं आणि ४२,००० चं उत्पन्नही राहून गेलं असतं. श्रेय घ्यायचं तर उत्पन्न दाखवावंच लागतं. ते धरून त्याचा एकूण कर झाला १,१३,७७६.

दुरुस्ती विवरणपत्राची पावती मिळाल्यावर दहा दिवसांनी त्याने पुन्हा 26AS उघडलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या तीन ओळी आल्या होत्या, स्थिती `F`. तुमच्याकडे अशा दुरुस्तीनंतर कधी एखादी ओळ उणे चिन्हासह दिसेल आणि शेरा `B` असेल. ती जुनी नोंद रद्द करून नवी घेतल्याची खूण असते, फक्त नवी ओळ खाली आली आहे ना ते बघा. मग रिटर्नमधली आधीच भरलेली माहिती ताजी करून घेतली. पगारावरचा कर १,०५,०४०, व्याजावरचा ४,२००, आणि भरायचे राहिले ४,५३६. दुरुस्तीआधी तिथे ३०,७९५ दिसत होते.

ते ४,५३६ त्याने स्वयंनिर्धारण कर म्हणून त्याच संध्याकाळी भरले आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "मावशी, 26AS मध्ये दिसत नाहीयेत." दिसणारही नाहीत. करनिर्धारण वर्ष २०२३-२४ पासून 26AS मध्ये फक्त टीडीएस आणि टीसीएसच्या नोंदी येतात. स्वतः भरलेला कर वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतो, आणि रिटर्नमध्ये चलनाचा क्रमांक लिहून तो दाखवता येतो.